मुसळाची जाडी आणि मिलिमीटर

भुरभुर, रिमझिम, रिपरिप, सर, झड, मुसळधार, धो धो. पावसाचे शब्द कुणी मांडायला घेतले की साधारण याच क्रमाने मांडले जातात, हलक्यापासून जोरदारापर्यंत, शिडीच्या पायऱ्यांसारखे. शिडी दिसायला चोख आहे, पण तिच्या पायऱ्या एका मापाच्या नाहीत. भुरभुर हा शब्द थेंबाविषयी बोलतो. चिमटीतून पिठी भुरभुरवावी तसे बारीक तुषार केसांवर बसतात आणि अंगणात डबके म्हणून होत नाही. सर वेळेविषयी बोलते, येते आणि निघून जाते. झडही वेळेचीच, पण उलट टोकाची, कारण तिच्यात पाऊस थांबतच नाही. मुसळधार मात्र धारेच्या जाडीचा शब्द आहे, उखळात पडणाऱ्या मुसळाएवढी धार. क्रियापदे पाहिली तर हा फरक लपतच नाही. सर येते, झड लागते, मुसळधार पाऊस कोसळतो. ‘सर लागली’ असे कुणी म्हणत नाही.

म्हणजे या शब्दांना ओळीत बसवणारी कल्पना शब्दांच्या आतली नाही, ती बाहेरून आली. शेतीच्या बोलीत पाऊस आधी मोजला गेला तो नक्षत्रांनी. मृगाचा पाऊस, हस्ताचा पाऊस. पुनर्वसूचा तो तरणा आणि त्यामागून येणारा पुष्याचा तो म्हातारा. तेथे ‘किती’पेक्षा ‘केव्हा’ महत्त्वाचे होते, कारण पेरणी ‘केव्हा’वर ठरते. पुढे पर्जन्यमापक आला, 1875 साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले, आणि सकाळी साडेआठला गेल्या चोवीस तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये लिहायची रीत पडली. आज 64.5 मिमीपासून ‘जोरदार’ची पायरी सुरू होते, 115.6 पासून ‘अति जोरदार’ची, 204.5 पासून त्याहून वरची. वृत्तपत्रांनी हीच पायरी मराठीत आणताना ‘मुसळधार’, ‘अतिमुसळधार’ असे शब्द वापरले आणि मुसळाची जाडी गेली, आकडा राहिला. ‘अति’ लावलेले मुसळ कसे दिसते, हे मला तरी सांगता येणार नाही.

या बदलात काय निसटले ते एका हिशेबातून दिसते. समजा, एका गावात 60 मिमी पाऊस चोवीस तासांत सारखा पडला, म्हणजे तासाला अडीच मिमी. शेजारच्या गावात तेवढाच पाऊस चाळीस मिनिटांत पडला, म्हणजे तासाला 90 मिमीच्या वेगाने. खात्याच्या नोंदीत दोन्ही ‘मध्यम’, कारण मध्यमची हद्द 64.4 पर्यंत जाते. पहिल्या गावात काळ्या रानाने पाणी बरेचसे पिऊन घेतले असेल. तेथे माणसे भीजपाऊस म्हणतील, तो लांबला तर झड, आणि वापसा कधी होतो म्हणून आभाळाकडे बघत बसतील. दुसऱ्या गावात थेंबांच्या माराने उघड्या मातीचे तोंड बंद झाले, पाणी आत जाण्याआधीच उताराला लागले आणि जाताना वरची माती घेऊन गेले. तेथे शब्द एकच, मुसळधार. आकड्याने एका ओळीत बसवलेले हे दोन पाऊस बोलीने कधीच एक मानले नव्हते. खालच्या टोकालाही तेच होते. 2.5 मिमी भरला नाही तर तो दिवस खात्याच्या हिशेबी पावसाचा नसतो. दिवसभर भुरभुर चालली आणि वाळत घातलेले कपडे ओलेच राहिले, तरीही.

यावर आक्षेप येईल की शब्द सैल असतात, कोकणातली सर आणि माणदेशातली सर सारखी नाही, आणि धरणाचे दरवाजे ‘धो धो’ ऐकून उघडत नसतात. हे खरे आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 74. ही तफावत पर्जन्यमापकाशिवाय कुणाला सांगता आली नसती. पण आक्षेप शब्दांना मापे समजून घेतला जातो, आणि मला नेमके तेच मान्य नाही. रिमझिम आणि रिपरिप यांत मापाचा फरक शोधून सापडणार नाही. फरक ऐकणाऱ्याच्या मनाचा आहे. रिमझिम हवीशी असते, रिपरिप तिसऱ्या दिवशीची, चिखलाची, आणि पिरपिर तर आपण किरकिऱ्या मुलाच्या रडण्यालाही म्हणतो. शिडीचा क्रम जो काही खरा आहे, तो बहुधा नादात आहे. बारीक पावसाला ऱ्हस्व इकार-उकार, रिमझिम, झिमझिम, भुरभुर. पाऊस वाढला की तोंड उघडावे लागते, बदाबदा, धो धो. या उतरंडीत झडीला जागा मिळत नाही. ती हलकी असेल, जोराची असेल, तिचे नाव ठरते ते फक्त उघडीप पडत नाही यावरून.