दिलेल्या शब्दांची यादी

एका कारखान्यात पाण्याचे पंप तयार होत. तिथला खरेदी विभाग एक मॅडम सांभाळत. ओतकाम, शाफ्ट, बेअरिंग, सील, तांब्याची तार, सगळा माल कुणाकडून आणि काय भावानं घ्यायचा हे त्या ठरवत. पुरवठादारांशी बोलणं फोनवर होई, लिखापढी ईमेलवर होई. इतक्या वर्षांत पुरवठादार कारखान्याचं नाव कमी आणि मॅडमचं नाव जास्त घेऊ लागले होते.

मॅडमना बाळ होणार होतं. कायद्यानं मिळणारी २६ आठवड्यांची रजा त्यांनी घेतली. तेवढे दिवस त्यांचा इनबॉक्स विभागातल्या एका तरुण सहकाऱ्यानं बघायचा असं ठरलं. मुलगा कामाला चोख होता, पण पुरवठादारांशी त्याची ओळख फक्त आवाजापुरती होती.

रजेच्या दोन आठवडे आधी मॅडमनी त्याच्यासाठी टिपण लिहिलं. कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे, करार कुठे ठेवलेत, कुठला तक्ता दर सोमवारी कुणाला जातो, सगळं नीट लिहिलं. टिपण सात पानांचं झालं. मग त्यांनी आयटीवाल्यांना सांगून आपला इनबॉक्स त्याच्या लॉगिनवर उघडून दिला. पासवर्ड मात्र दिला नाही.

"माझ्या पासवर्डनं शिरलास, तर तू लिहिलेलं मी लिहिल्यासारखं दिसेल," त्या म्हणाल्या. "असं उघडलंस की उत्तर तुझ्या नावानं, माझ्या वतीनं जाईल. कुणी काय कबूल केलं, हे उद्या तुलाही कळेल आणि मलाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं. स्वतः शेजारच्या टेबलावर वही घेऊन बसल्या.

"आज मी रजेवर आहे असं समज," त्या म्हणाल्या. "टिपण बघून काम कर. अडलास तर विचार, पण मी उत्तर देणार नाही. तुझा प्रश्न फक्त लिहून घेईन."

सकाळी एका छोट्या फाउंड्रीच्या मालकाचा ईमेल आला. मजकूर एका ओळीचा होता. आपलं ठरल्याप्रमाणे बिल पाठवतो आहे, लक्ष असू द्यावं. मुलानं करार उघडला. त्यात ४५ दिवसांत पैसे द्यायचे असं होतं. छोट्या उद्योगांचे पैसे त्याहून जास्त दिवस अडकवून ठेवायला कायदाही परवानगी देत नाही, हे त्याला माहीत होतं. त्यानं बिल ४५ दिवसांच्या रांगेत लावलं आणि पुढचा ईमेल उघडला. मग थोडा थांबला.

"मॅडम, ठरल्याप्रमाणे म्हणजे काय ठरलं होतं?"

मॅडमनी प्रश्न लिहून घेतला.

दुपारी तो म्हणाला, "इनबॉक्स रिकामा झाला." तासाभरानं उत्पादन विभागातून एक जण तावातावानं आला. शाफ्टची एक खेप तपासणीत नापास झाली होती. बदली माल मागवा असा ईमेल सकाळीच पाठवला होता, आणि उत्तर नाही. मुलानं शोधाशोध केली. ईमेल आला होता, पण इनबॉक्समध्ये नव्हता. मॅडमनी काही वर्षांपूर्वी एक नियम लावून ठेवला होता. तपासणी विभागाकडून येणारं सगळं आपोआप एका आतल्या फोल्डरमध्ये जाई. त्या स्वतः दिवसातून दोनदा तिथे डोकावत. ही सवय त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की ती लिहायची असते हे त्यांना सुचलंच नव्हतं.

"अशी आणखी किती फोल्डरं आहेत?" त्यानं विचारलं.

तोही प्रश्न वहीत गेला.

संध्याकाळी तार पुरवणाऱ्याचा ईमेल आला. तांबं महाग झालं आहे, भाव वाढवून द्या, आजच होकार हवा. मुलगा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"हे मी ठरवायचं का? नाही, तर कुणाला विचारायचं? की तुम्ही येईपर्यंत थांबायचं?"

त्या रात्री मॅडमनी सात पानांचं टिपण बाजूला ठेवलं आणि वही उघडली. त्याचे प्रश्न त्यांनी पुन्हा वाचले. फाइल कुठे आहे, असं त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. शोधलं की फाइल सापडतेच. त्यानं विचारलेल्या गोष्टी शोधून सापडणाऱ्या नव्हत्या. त्या मॅडमच्या डोक्यात होत्या.

त्यांनी नवं टिपण लिहायला घेतलं. ते दोन पानांत मावलं.

पहिल्या पानावर त्यांनी दिलेल्या शब्दांची यादी केली. फोनवर, जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून ज्याला ज्याला काही कबूल केलं होतं, ते सगळं आठवून लिहिलं. प्रत्येक शब्दापुढे चार गोष्टी लिहिल्या. कुणाला दिला, काय दिला, का दिला आणि कधीपर्यंत. फाउंड्रीच्या मालकापुढे लिहिलं, 'या तिमाहीतल्या बिलांचे पैसे २० दिवसांत. भट्टीचं अस्तर बदलायला त्यांना रोख पैसा लागतो आहे. भट्टी बंद पडली तर आपला इम्पेलर अडेल. ही तिमाही संपली की पुन्हा ४५ दिवस.'

दुसऱ्या पानावर ठरवायचं कुणी ते लिहिलं. ५० हजारांपर्यंतची नेहमीची खरेदी तू ठरव. त्याच्या वरची खरेदी आणि कुठलाही भाववाढीचा विषय कारखान्याच्या मोठ्या साहेबांकडे ने. मी त्यांच्याशी बोलले आहे. नवा वार्षिक करार कुणाशीही करू नकोस, तो मी आल्यावर. मी दिलेल्या शब्दावरून वाद झाला आणि यादीत तो सापडला नाही, तरच मला निरोप ठेव. आणि खाली एक ओळ अधोरेखित केली. 'बँकेचं खातं बदला असं कुणीही लिहिलं, तर आधी आपल्या नोंदवहीतल्या नंबरावर फोन. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरावर नाही. घाई करत असतील तर नक्की फोन.'

मग त्यांनी आपोआप फोल्डरात टाकणारे सगळे नियम बंद केले. रजेच्या काळात प्रत्येक ईमेल एकाच ठिकाणी, समोर येऊन पडेल असं केलं. आपल्या दवाखान्याला आणि बँकेला घरचा ईमेल पत्ता कळवला, म्हणजे खाजगी काही त्या मुलाच्या नजरेस पडणार नाही. पुरवठादारांना फोन करून त्याचं नाव सांगितलं. "तो बोलेल ते मी बोलले असं समजा," असं त्या म्हणाल्या, आणि रजेवर गेल्या.

दुसऱ्या महिन्यात सील पुरवणाऱ्या कंपनीकडून ईमेल आला. आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, तेव्हा या वेळचे ८ लाख ४० हजार रुपये नव्या खात्यावर पाठवा, आणि आजच पाठवा, असं त्यात होतं. खाली आधीचा सगळा खरा पत्रव्यवहार जोडलेला होता. बिलाचा नंबर बरोबर होता. सही नेहमीच्याच माणसाची होती. शेवटी शंका असल्यास फोन करा म्हणून नंबरही दिला होता. लेखा विभागाचा माणूस पैसे पाठवायला तयार बसला होता.

मुलानं टिपणातली अधोरेखित ओळ वाचली आणि नोंदवहीतल्या नंबरावर फोन लावला.

"आमचं खातं बदललेलं नाही," पलीकडून उत्तर आलं. "असा ईमेल आम्ही पाठवलाच नाही."

त्यानं पाठवणाऱ्याचा पत्ता पुन्हा, एकेक अक्षर करून वाचला. कंपनीच्या नावात जिथे `m` असायला हवा होता, तिथे `r` आणि `n` शेजारी शेजारी टाइप केले होते. लहान अक्षरांत `rn` हे `m` सारखंच दिसत होतं. कुणीतरी त्या कंपनीचा पत्रव्यवहार चोरून वाचत होतं आणि मोठ्या बिलाची वाट बघत बसलं होतं. पैसे एकदा गेले असते तर परत मिळवणं फार अवघड होतं. त्यानं तो ईमेल आयटीवाल्यांना आणि लेखा विभागाला दाखवला, आणि सील कंपनीलाही सावध केलं.

चौथ्या महिन्यात फाउंड्रीच्या मालकाचा फोन आला. "या वेळचेही पैसे २० दिवसांत सोडा," ते म्हणाले. "मॅडमनी शब्द दिलाय."

मुलानं यादी काढली. शब्द होता, पण तो भट्टीच्या अस्तरासाठी होता आणि तिमाही संपली होती.

"काका, भट्टीचं काम झालं का?" त्यानं विचारलं.

"झालं की. चांगली चालतेय."

"मग मॅडमनी दिलेला शब्द पुरा झाला. आता करारातले ४५ दिवस. त्यात एक दिवसही इकडचा तिकडे होणार नाही, हे मी सांगतो."

पलीकडे मालक क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं." अस्तराची गोष्ट या मुलाला ठाऊक असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण त्याला ती ठाऊक होती, म्हणून त्याचं 'नाही' त्यांना लागलं नाही.

मॅडम कामावर परतल्या तेव्हा इनबॉक्समध्ये फार काही साचलेलं नव्हतं. त्यांनी खुर्चीत बसून कॉम्प्युटर सुरू केला, तर मुलानं त्यांच्यासमोर एक कागद ठेवला. त्याच चार रकान्यांत त्यानं लिहिलं होतं, कुणाला, काय, का, कधीपर्यंत. मॅडमच्या गैरहजेरीत त्यानं दिलेले सगळे शब्द त्यात होते. जे पाळून झाले होते त्यांवर रेघ होती. तीन अजून पाळायचे होते.

मॅडमनी ते तीनही वाचले. "हे आता माझे," त्या म्हणाल्या, आणि पहिल्या नावाला फोन लावला.

दुसऱ्याच्या हाती काम सोपवताना आपण बहुतेक वेळा वस्तू कुठे ठेवल्या आहेत तेवढंच सांगतो. वस्तू शोधून सापडतात. आपण कुणाला काय कबूल केलं आणि कशासाठी केलं, हे मात्र आपण सांगितल्याशिवाय कुणालाही सापडत नाही. शब्दाबरोबर त्याचं कारण दिलं, तर तो कुठवर पाळायचा आणि कुठे संपतो हे मागे राहिलेल्याला कळतं. आणि काय काय ठरवायचा हक्क दिला हे लिहून ठेवलं, तर त्याला आपली वाट बघत बसावं लागत नाही. ज्यानं आपली जागा सांभाळायची, त्याला आधी त्या जागेवर बसू द्यावं आणि तो काय विचारतो ते ऐकावं. टिपणात काय लिहायचं हे त्याच्या प्रश्नांतूनच कळतं.