भिंत कोणावर पडली?

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी सव्वादोनच्या सुमारास उत्तर बिहार आणि नेपाळची भूमी हादरली. मुंगेर शहर जवळजवळ जमीनदोस्त झाले, काठमांडूच्या खोऱ्यातील मंदिरे आणि वाडे कोसळले, तिरहुतच्या शेतांतून पाणी आणि वाळू उसळून पिकाऊ जमिनी गाडल्या गेल्या आणि दहा हजारांवर माणसे प्राणास मुकली. त्या वेळी गांधीजी अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर तमिळ प्रांतात होते. तिरुनेलवेलीच्या सभेत त्यांनी असे सांगितले, की हा भूकंप म्हणजे आपण ज्यांना अस्पृश्य मानतो त्यांच्याविरुद्ध केलेल्या व करीत असलेल्या पापाचे ईश्वराने दिलेले शासन आहे, असे मानण्याइतके आपण ‘अंधश्रद्धाळू’ असावे. हे विधान एखाद्या मठाधिपतीने केले असते तर त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नसते. परंतु ज्या पुरुषाच्या नैतिक अधिकारास सारा देश मानीत होता, त्याच्या मुखातून ते आल्यामुळे रवींद्रनाथांना ते असह्य झाले. त्यांनी आपला निषेध लिहून पाठविला आणि गांधीजींनी तो १६ फेब्रुवारीच्या ‘हरिजन’मध्ये आपल्या उत्तरासह छापला, हे दोघांच्याही लौकिकास साजेसेच झाले.

रवींद्रनाथांचा पहिला मुद्दा असा, की भौतिक उत्पातांची कारणे भौतिकच असतात, आणि ईश्वर स्वतःच घालून दिलेला नियम मोडून नीतीचे शासन करतो असे म्हटले, तर त्याचे शासन कोणत्याही सुसंस्कृत मानवी शासकाच्या शासनाहून हीन ठरेल. कारण त्यात अपराध्यांचा दंड निरपराध्यांकडून वसूल होतो. दुसरा मुद्दा अधिक व्यवहारी आणि म्हणूनच अधिक बोचरा होता. हेच प्रमाण सनातन्यांच्या हाती दिले, तर अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीमुळेच देव कोपला असे तेही तितक्याच अधिकाराने सांगू शकतील. आणि तसे सांगणारे त्या दिवसांत होतेही. गांधीजींचे उत्तर दुर्बळ मानणे अन्यायाचे होईल. आपल्याला ईश्वरी नियमांचे पूर्ण ज्ञान नाही, हा संबंध आपण सिद्ध करू शकत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. आणि ही श्रद्धा प्रतिपक्षाला झोडपण्यासाठी वापरली तर ती हीन दर्जाची अंधश्रद्धा ठरेल, असेही बजावले. ती स्वतःकडे, आत्मशुद्धीकडे वळविण्यासाठी होती. तथापि येथे एक प्रश्न शिल्लक राहतोच. पाप साऱ्या हिंदुस्थानाचे, मग भिंत मुंगेरच्याच माणसांवर का पडली? मृतांत ज्यांच्यावर तो अन्याय झाला तेही असणारच. त्यांनी कोणत्या पापाचे शासन भोगले?

भिंत का पडली हा एक प्रश्न, आणि ती याच माणसांवर का पडली हा दुसरा. पहिल्याचे उत्तर भूगर्भशास्त्रज्ञ, गवंडी आणि नगरपालिका यांच्या दफ्तरात सापडते. दुसरा प्रश्न ईश्वर मंगल आणि समर्थ आहे असे मानणारालाच छळतो. ज्याचा ईश्वर एकतर मंगल नाही वा समर्थ नाही, त्याच्यापुढे तो या स्वरूपात उभाच राहत नाही. आपल्या परंपरेने हा प्रश्न टाळला, असा एक सोयीस्कर समज आहे. प्रत्यक्षात ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात, चौतिसाव्या सूत्रात, बादरायणांनी तो फिर्यादीच्या भाषेतच मांडला आहे: सृष्टिकर्त्यावर ‘वैषम्य’ आणि ‘नैर्घृण्य’ म्हणजे पक्षपात आणि निर्दयता हे दोन आरोप येतात. कोणी सुखात, कोणी दुःखात, आणि शेवटी सर्वांचा संहार. असे करणारा रागद्वेषयुक्त नव्हे काय? सूत्रकारांचा निर्णय असा, की दोष येत नाही, कारण ईश्वर प्राण्यांच्या धर्माधर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो. आचार्य शंकर भाष्यात पर्जन्याचा दाखला देतात: पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो, पण कोठे साळ उगवते आणि कोठे जव, तो भेद बीजाचा असतो.

या उत्तराची पुढची पायरी शाळेतल्या सारांशात बहुधा गळते. सृष्टीच्या आरंभी तर कोणाचेच कर्म नव्हते, मग पहिला भेद कोठून आला, ही शंका पुढचेच सूत्र स्वतःहून उपस्थित करते. आणि संसार अनादि आहे, बीज आणि अंकुर यांच्याप्रमाणे कर्म आणि जन्म यांची परंपरा कोठेच प्रथम सुरू झालेली नाही, असे तिचे समाधान करते. तर्काच्या दृष्टीने ही रचना भक्कम आहे, आणि ईश्वराच्या न्यायबुद्धीला तिने खरोखरच आरोपमुक्त केले आहे. परंतु तिची किंमत मृतांच्या नावावर मांडली जाते. जो भिंतीखाली सापडला त्याच्यावर कधीतरी केलेल्या अपराधाचा आरोप निश्चित झाला. तो अपराध कोणता, केव्हाचा, साक्षीदार कोण, हे त्याला कधीही कळणार नाही, आणि ज्या कैफियतीवर त्याची सही नाही ती त्याने कबूल केली असे मात्र आपण धरून चालतो. फौजदारी न्यायाचे प्राथमिक तत्त्व जाणणारा कोणीही माणूस असा खटला चालवावयास धजणार नाही. भाष्यकारांचा कटाक्ष मृतांवर नव्हता, ईश्वराच्या निर्दोषत्वावर होता, हे खरेच. पण सिद्धान्त ग्रंथातून उतरून गावात आला, की त्याचा रोख बदलतो.

तो कसा बदलतो याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. चोखामेळ्याचा एक अभंग असा आहे, की ज्यात तो आपल्या हीन मानलेल्या जन्माचे कारण स्वतःच पूर्वजन्मी केलेल्या कृष्णनिंदेत शोधतो. वैषम्याचा आरोप देवावर येऊ नये म्हणून फिर्यादीनेच आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहावे, याहून त्या सिद्धान्ताचा पूर्ण विजय कोणता? त्याचा मुलगा कर्ममेळा मात्र या मार्गाने गेला नाही. त्याने देवालाच उघड जाब विचारला. परंपरेप्रमाणे १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर वेठीला धरलेल्या मजुरांवर ते कूस कोसळले, आणि त्यांत चोखोबा गेले. येथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर अगदी स्वच्छ आहे: भिंत कच्ची होती. दुसऱ्याचेही तितकेच स्वच्छ आहे, पण ते पूर्वजन्मात शोधण्याचे कारण नाही. ज्यांना वेठबिगारीतून सुटका नव्हती तेच भिंतीखाली उभे होते. ‘हेच का?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा वतनांच्या आणि हुकुमांच्या कागदांत लिहिलेले असते, आणि पारलौकिक उत्तराचा मोठा दोष असा, की ते हाती लागताच हे कागद कोणी उघडीत नाही.

बुद्धापुढे सृष्टिकर्त्याचा प्रश्न नव्हता, म्हणून ईश्वराच्या बचावाचा मोहही नव्हता. कर्मविपाक मात्र तो मानीत होता. तरीही संयुत्तनिकायातील एका सुत्तात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, हे मत त्याच्यापुढे ठेवले, तेव्हा त्याने ते नाकारले. पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतूंचा पालट, अयोग्य वागणूक, दुसऱ्याने केलेला आघात अशी सात कारणे त्याने आधी मोजली आणि कर्मविपाक आठवा म्हणून सांगितला. आणि सर्व काही पूर्वकर्माचे म्हणणारे लोक स्वतःला जे ठाऊक आहे त्याच्या आणि जगाने जे सत्य मानले आहे त्याच्याही पलीकडे धाव घेतात, असा ठपका ठेवला. पुढे टीकाकारांनी कर्माचे माप पुन्हा वाढविले. पण मूळ संवादातील हा वैद्यासारखा संयम मला फार मोलाचा वाटतो.

सेमिटिक परंपरेतही भिंती पडतच होत्या. यरुशलेमात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती असे तुम्हांला वाटते काय, असा प्रश्न येशूने विचारला आणि आपणच त्याचे नकारार्थी उत्तर दिले. लगेच त्याने श्रोत्यांना पश्चात्तापाचा इशाराही दिला, म्हणजे गांधीजींचा धागा तेथेही अगदी तुटत नाही. पण मृतांची चौकशी त्याने बंद केली. याहून खोल जातो तो ईयोबाचा ग्रंथ. वाऱ्याच्या झोताने घराचे चारही कोपरे ढासळून ईयोबाची सात मुले आणि तीन मुली एका जेवणाच्या पंगतीत गाडली जातात. मग अंगभर गळवे येतात. मग समाचाराला तीन मित्र येतात. पहिले सात दिवस ते गप्प बसतात, आणि तेवढाच त्यांचा उपकार. बोलू लागल्यावर अलीफज, बिल्दद आणि सोफर एकच सिद्धान्त आळवितात: ईश्वर न्यायी आहे, तू दुःखी आहेस, त्या अर्थी तू अपराधी आहेस. बिल्ददाची मजल तर, तुझ्या मुलांनी पाप केले असेल म्हणून ती त्याचे फळ भोगती झाली, असे बापाला सुनावण्यापर्यंत जाते. ईयोब आपण निरपराध असल्याचा हट्ट सोडीत नाही. तो ईश्वरालाच प्रतिवादी करून सुनावणी मागतो.

शेवटी ईश्वर वादळातून बोलतो, पण खटल्यातील मूळ प्रश्नाला उत्तर देत नाही. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास, असे विचारून तो रानगाढव, शहामृग, नदीतील महाकाय प्राणी यांचे वर्णन करीत राहतो. अनेक श्रद्धाळू वाचकांना यात गूढ समाधान सापडले आहे. मला ते सापडत नाही. सामर्थ्याविषयी शंका कोणी घेतलीच नव्हती, प्रश्न न्यायाचा होता, आणि वाचकाला पहिल्याच अध्यायापासून ठाऊक असलेले कारण, म्हणजे स्वर्गातील दरबारात सैतानाशी झालेली पैज, ईयोबाला अखेरपर्यंत कळतच नाही. परंतु भाषण संपल्यावर ईश्वर जे करतो ते असाधारण आहे. त्याचा कैवार घेणाऱ्या तिघांवर तो कोपतो, आणि माझ्याविषयी तुम्ही माझ्या सेवक ईयोबासारखे यथार्थ बोलला नाहीत, असा निर्वाळा देतो. ईश्वराचे समर्थन करण्यासाठी पीडितावर आळ घेणे हे ईश्वरालाच मान्य नाही, असे एका धर्मग्रंथाने ईश्वराच्याच मुखातून वदवावे, ही गोष्ट मला त्या साऱ्या सृष्टिवर्णनाहून वजनदार वाटते. रवींद्रनाथांनी जे मानवतेच्या बाजूने म्हटले, ते येथे धर्माच्या आतून म्हटलेले आहे.

तरीही हिशेब जुळत नाही. उपसंहारात ईयोबाला सर्व काही दुप्पट मिळते: सात हजारांच्या जागी चौदा हजार मेंढरे, तीन हजारांच्या जागी सहा हजार उंट. मुले मात्र दुप्पट नाहीत. पूर्वीइतकीच सात मुलगे आणि तीन मुली. मेलेली दहा परलोकात आहेतच म्हणून संख्या दुप्पट धरावी, असे स्पष्टीकरण काही भक्तिपर टीकाकार देतात. ग्रंथ तसे म्हणत नाही. नव्या तीन मुलींची नावे तो आवर्जून देतो, त्यांच्या सौंदर्याचे कौतुक करतो, भावांबरोबर त्यांनाही वतनाचा वाटा मिळाला असे नोंदवितो. पहिल्या दहांपैकी एकाचेही नाव तो देत नाही, आणि ईयोबाच्या सचोटीची परीक्षा घेण्यासाठी त्यांच्यावर घर का पाडावे लागले, हे विचारण्याचे त्यातील कोणाच्याही, ईयोबाच्याही, मनात येत नाही.