लाल बटण दाबलं, तरी हात घालू नका

पॉवर प्रेसचं काम दिसायला साधं असतं. पेडल दाबलं की रॅम खाली येतो, डायमधला पत्रा दाबतो, वर जातो आणि वरच थांबतो. तो थांबतो या भरवशावर ऑपरेटर हात घालून तयार जॉब काढतो आणि नवा पत्रा ठेवतो. कधी रॅम वर थांबलाच नाही आणि पेडल न दाबता पुन्हा खाली आला, तर शॉपवर म्हणतात, ‘प्रेसने डबल मारला.’ मिनिटाला 45 स्ट्रोक मारणाऱ्या प्रेसवर हा दुसरा फटका पहिल्यानंतर सव्वा सेकंदाच्या आसपास येतो. नेमका तेव्हाच हात डायमध्ये असतो.

हवेच्या क्लचवर चालणाऱ्या प्रेसमध्ये हे बहुतेकदा एका व्हॉल्व्हच्या हातात असतं. व्हॉल्व्हने हवा आत सोडली की क्लच फ्लायव्हीलला धरतो आणि रॅम हलतो. हवा बाहेर पडली की क्लच सुटतो, स्प्रिंग ब्रेक लावते आणि रॅम थांबतो. हवा बाहेर पडायची वाट अडली तर काय होईल, हे ओळखूनच असे व्हॉल्व्ह जोडीने बनवतात. एक चिकटला तरी दुसरा हवा सोडतो, आणि जोडीतला बिघाड हेरून पुढचा स्ट्रोक अडवणारी तपासणीही त्यात असते.

अशा जोड-व्हॉल्व्हच्या एका बॅचबद्दल उत्पादकाने काढलेली सूचना मागे माझ्याकडे आली. उत्पादकाचं नाव इथे नको. कंप्रेसरचं तेल हवेबरोबर येऊन आतली रबरी सील फुगत होती. दोन्ही भाग सारखेच मंदावत असल्यामुळे तपासणीला त्यांच्यात फरक सापडत नव्हता. मूळ इंग्रजी सूचना दोन पानांची होती. मराठी करून झालं होतं, आणि भोसरी-चाकणच्या छोट्या शॉपमध्ये ते चालेल का, एवढं मला पाहायचं होतं. अनेक वर्षं कारखान्यांत सुरक्षेचं काम केल्यामुळे असे कागद माझ्याकडे येतात.

मराठी शुद्ध होतं. एकही वाक्य चुकीचं नव्हतं. तरीही तो कागद वाचून एखाद्याची बोटं गेली असती.

मूळ सूचनेत एक वाक्य होतं: डायच्या भागात जाण्यापूर्वी वीजपुरवठा तोडावा. मराठीतही ते तसंच उतरलं होतं. ज्याने प्रेस कधी पाहिलेला नाही, त्याला यात खटकण्यासारखं काही दिसणार नाही. पण वीज तोडली म्हणून प्रेस थांबत नाही. मोटर बंद झाल्यावरही जड फ्लायव्हील कितीतरी वेळ फिरत राहतं, आणि रॅमला फटका मारायची ताकद त्या फ्लायव्हीलमध्येच असते. क्लच सुटलेला नसेल, तर मेन स्विच खाली ओढल्यावरही एखादा स्ट्रोक येऊ शकतो. लाल बटणाचंही तेच. इमर्जन्सी स्टॉप दाबला की व्हॉल्व्हचा वीजप्रवाह तुटतो आणि मग व्हॉल्व्हने हवा सोडायची असते. इथे बिघडलेला होता तोच व्हॉल्व्ह. ज्या बटणावर आपण कामगाराला आयुष्यभर विश्वास ठेवायला शिकवतो, ते बटण या एका बिघाडात त्याला वाचवेलच असं नाही. सूचनेत हे कुठेही नव्हतं. लिहिणाऱ्या इंजिनिअरला ते इतकं उघड वाटलं असणार, की त्याने लिहिलंच नाही.

आता भाषांतरकाराने काय करायचं? ‘मूळ मजकुरात नाही, मी घालणार नाही’ हा या व्यवसायाचा जुना नियम आहे, आणि तो उगीच पडलेला नाही. समजा, भाषांतरकाराने आपल्या मनाने ‘पाच मिनिटं थांबा’ असं लिहिलं आणि एखाद्या मोठ्या प्रेसचं फ्लायव्हील आठ मिनिटं फिरत राहिलं, तर त्या पाचाच्या आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्याचा हात जाईल. म्हणून स्वतःच्या अंगच्या शहाणपणाने भर घालणं मला मान्य नाही. पण नियम पाळला म्हणून जबाबदारी संपली, हेही मान्य नाही. अर्धवट माहिती हाती आहे हे ज्याला कळलं, त्याने ती लिहिणाऱ्याकडे परत न्यायला हवी. आम्ही उत्पादकाला लेखी प्रश्न विचारले. व्हॉल्व्ह अडकलेला असताना लाल बटणाने रॅम थांबेल का? फ्लायव्हील थांबलं हे ऑपरेटरने कशावरून ओळखायचं? हवा कधी सोडायची आणि ती कोणी सोडायची?

उत्तरं आली. बटणाने रॅम थांबेलच असं सांगता येत नाही, हे त्यांनी मान्य केलं. फ्लायव्हीलसाठी मिनिटांचा आकडा देणं त्यांनी टाळलं आणि ते मला पटलं. प्रत्येक प्रेस वेगळा, म्हणून ‘फिरणं पूर्ण थांबलेलं डोळ्यांनी दिसेपर्यंत’ असं ठरलं. गार्डमुळे फ्लायव्हील दिसत नसेल, तर मेंटेनन्सच्या माणसाशिवाय कोणीही प्रेसजवळ जायचं नाही. हवेच्या उत्तराने तर मीही चमकलो. काही प्रेसवर रॅमचं वजन तोलून धरणारा सिलिंडर त्याच हवेवर चालतो. हवा सोडली आणि ब्रेक झिजलेला असला, तर रॅम स्वतःच्या वजनाने खाली सरकू शकतो. म्हणजे हवा सोडणं हे काम ऑपरेटरला सांगायचंच नाही.

यानंतर मराठी सूचनेचा पहिला भाग असा झाला:

‘हा प्रेस आत्ताच बंद करा. प्रेस स्वतःहून दुसरा फटका मारू शकतो. हात किंवा बोटं तुटू शकतात.

ऑपरेटर: पेडलवरून पाय काढा. दोन्ही हात डायच्या बाहेर घ्या. लाल बटण दाबा. बटण दाबल्यावरही रॅम खाली येऊ शकतो. डायमध्ये अडकलेला जॉब तसाच राहू द्या. पॅनेलचा मेन स्विच बंद करा. प्रेसपासून दूर व्हा आणि सुपरवायझरला बोलवा.

सुपरवायझर: मेन स्विचला कुलूप लावा आणि चावी स्वतःजवळ ठेवा. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत कोणालाही जवळ जाऊ देऊ नका. नवा व्हॉल्व्ह बसवून, तपासून, लेखी परवानगी मिळेपर्यंत हा प्रेस चालवायचा नाही. जुना व्हॉल्व्ह साफ करून परत बसवायचा नाही.’

अडकलेल्या जॉबचं वाक्य कुठल्याही इंजिनिअरकडून आलं नाही. ते आलं भोसरीच्या एका ऑपरेटरकडून. कागद तयार झाल्यावर तो आम्ही त्यांना वाचायला दिला. ‘कळलं का?’ असं विचारलं नाही, कारण त्या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. बंद असलेल्या, कुलूप लावलेल्या प्रेससमोर उभं राहून काय करणार ते करून दाखवा, असं सांगितलं. त्यांनी पाय काढला, बटण दाबलं आणि सवयीने हात डायकडे नेला. मी थांबवलं तर म्हणाले, “साहेब, जॉब आत राहिला ना. डाय खराब झाला तर मालक माझ्या नावावर टाकतो.” खोटं काहीच बोलले नाहीत ते. म्हणून त्या वाक्यासोबत सुपरवायझरच्या भागाखाली आणखी एक ओळ आली: प्रेस थांबवल्यामुळे झालेल्या जॉबच्या किंवा डायच्या नुकसानीला ऑपरेटर जबाबदार नाही. ही ओळ मात्र उत्पादकाच्या अखत्यारीतली नव्हती. ती प्रत्येक शॉपच्या मालकाने मान्य करायची होती. काहींनी केली, काहींनी ती ओळ झाकून कागद लावला.

दुसरी खटपट मवाळ शब्दांची. ‘ग्राहकांच्या सुरक्षेला प्राधान्य देऊन स्वेच्छेने’, ‘खबरदारीचा उपाय म्हणून’, ‘क्वचित प्रसंगी’, ‘आजवर एकही अपघात नोंदलेला नाही’ ही सगळी वाक्यं मूळ सूचनेच्या पहिल्या परिच्छेदात होती. युरोपीय संघाच्या 2023 च्या उत्पादन-सुरक्षा नियमाने नेमके असेच शब्द परत मागवण्याच्या सूचनांमध्ये वापरायला मनाई केली आहे. अपघात झालेला नाही असं सांगणंही त्यात बसत नाही, कारण वाचणाऱ्याच्या मनातला धोका त्याने लहान होतो. हा नियम सामान्य ग्राहकांच्या वस्तूंसाठी आहे, प्रेसच्या व्हॉल्व्हला तो लागू नाही. पण कारण दोन्हीकडे एकच आहे. ज्या शॉपमध्ये आज रात्री ऑर्डर पाठवायची आहे, तिथे ‘क्वचित’ हा शब्द वाचून मालक म्हणणार, एवढी शिफ्ट काढू. उत्पादकाच्या वकिलांना ती वाक्यं हवी होती. ती दुसऱ्या पानाच्या शेवटी गेली. पूर्ण काढायला ते तयार झाले नाहीत.

क्रमावरूनही ओढाताण झाली. मूळ सूचनेत आधी सीरियल नंबरांचा तक्ता होता: तुमचा नंबर यात असेल तर पुढची कार्यवाही करा. हिशेबाने ते बरोबर, कारण नाहीतर चांगला प्रेसही बंद पडतो आणि दिवसाचं नुकसान होतं. पण व्हॉल्व्ह प्रेसच्या अंगावर असतो आणि नंबरची पट्टी तेलाच्या थराखाली. ती पुसून वाचायला चालू प्रेसला चिकटून शिडीवर चढणारा माणूस मला डोळ्यांसमोर दिसत होता. म्हणून उलट केलं: या बनावटीचा व्हॉल्व्ह असलेला प्रत्येक प्रेस आधी बंद करायचा, नंबर नंतर पाहायचा. ज्यांचे व्हॉल्व्ह चांगले निघाले त्यांचे काही तास गेले. त्यातल्या एका मालकाने मला फोनवर चांगलंच सुनावलं. त्यांचा राग रास्त होता आणि तरीही मी तो क्रम बदलला नसता.

भाषेचाच विचार केला, तर एकटी मराठीही पुरत नव्हती. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 108 व्या कलमात, त्या कायद्याखाली लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असाव्यात, असं सांगितलं होतं. या पट्ट्यातल्या कितीतरी शॉपमध्ये रात्रपाळीला बिहार आणि उत्तर प्रदेशातली मुलं प्रेसवर असतात. म्हणून मराठीच्या बरोबरीने हिंदी कागद गेला, त्याच क्रमाने. आणि जे वाचत नाहीत, त्यांच्यासाठी सुपरवायझरने शिफ्ट सुरू होताना तो मोठ्याने वाचायचा, अशी ओळ वरच्या कोपऱ्यात टाकली.

जुन्या प्रेसचा प्रश्न शिल्लक आहे. उत्पादकाच्या यादीत पहिल्या खरेदीदाराचं नाव असतं. प्रेस मात्र विकला जातो, दुसऱ्या गावच्या एमआयडीसीत जातो, कधी त्याचा व्हॉल्व्ह काढून तिसऱ्याच प्रेसवर बसतो. व्हॉल्व्ह विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दुकानांमध्ये हा कागद लावावा, असं आम्ही सुचवलं आहे. दुकानदारांची यादी उत्पादकाच्या पुण्यातल्या वितरकाकडे आहे आणि ती अजून आलेली नाही.