गुंडाळीचं अंडं

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो मिळाला. गुंडाळी मधोमध फाटलेली, वर तपकिरी डाग, आणि खाली तू लिहिलंस की आता दुकानातलंच विकत आणून खाते. बाळा, ओसाकात राहून दाशीमाकी विकत खायचं कशाला? तुझे काका नोकरीला तिथं होते तेव्हा शेजारच्या आजींनी मला ते त्यांच्या ओट्याशी उभं करून शिकवलं. अजून रविवारी मी करते. काकांना दुसरं कुठलं ऑम्लेट आता चालत नाही.

आधी तुझी कृती पाहिली. टोकियोच्या मैत्रिणीकडून घेतलेली, तीन अंड्यांना दोन मोठे चमचे साखर. राणी, तिथंच अर्धं दुखणं आहे. टोकियोकडचं अंडं गोड असतं आणि त्यावर थोडा तपकिरी रंग चालतो. साखर असली की तो लवकर चढतोच. ओसाका-क्योतोकडचं दाशीमाकी मात्र दाशीच्या चवीचं आणि फिकट पिवळं. तू कृती तिकडची घेतलीस आणि रंग इकडचा मागते आहेस.

म्हणून माझं प्रमाण घे. तीन अंडी, तीन मोठे चमचे गार दाशी, एक लहान चमचा मिरिन आणि एक लहान चमचा उसुकुची, म्हणजे तिथला फिकट रंगाचा सोया सॉस. तो रंगाला फिका असला तरी मिठाला तेज असतो, अंदाजाने जास्त ओतू नकोस. दाशीची तयार पूड वापरलीस तर तिच्यातही मीठ असतं, सोया आणखी कमी घे. बाजारात जे लुसलुशीत मिळतं त्यात दाशी याहून बरीच जास्त असते. जितकी दाशी जास्त तितका पापुद्रा नाजूक, तेव्हा हात बसेपर्यंत तिकडे जाऊ नकोस. गार दाशीत अर्धा लहान चमचा काताकुरिको, म्हणजे बटाट्याचं पीठ, विरघळवून घे. त्यानं पाणी धरून राहतं, पापुद्रा फाटत नाही. आणि हो, गुरुवारी तू मासे खात नाहीस. पुडीच्या पाकिटावर बोनिटो असेल तर त्या दिवशी कोंबूचा तुकडा थंड पाण्यात रात्रभर भिजवून ठेव. ती दाशी उत्तम लागते.

फेटताना फेस आणायचा नाही. चॉपस्टिक्सची टोकं भांड्याच्या तळाला टेकवून इकडून तिकडे ओढ, पांढरा बलक कापला गेला पाहिजे. मग गाळणीतून गाळ. पांढऱ्याची एखादी जाड गाठ पापुद्र्यात राहिली की तिथं तो नीट पसरत नाही आणि गुंडाळताना नेमका तिथं फाटतो. फेसाचे बुडबुडेही तसेच, जिथं भोक तिथं चीर.

इथं आई बरी आहे. गुडघ्याचं दुखणं आहेच, पण सकाळी बागेत जाते. तुझी आठवण काढत परवा तिनं सुरळीची वडी केली. तिच्या हाताकडे बघताना वाटलं, तुझी चूक इथूनच आली असणार. सुरळीच्या वडीत पीठ पूर्ण शिजवून, थापून, गार झाल्यावर आपण गुंडाळतो. तुझाही हात पापुद्रा पूर्ण होण्याची वाट बघतो आहे. दाशीमाकीत पापुद्रा अर्धा ओला असतानाच गुंडाळायचा. वरची ओली बाजू पुढच्या घडीला चिकटते, आणि तोच ओलावा पापुद्र्याला तपकिरी होऊ देत नाही. अंड्यात पाणी आहे तोवर त्याचा ताप शंभर अंशांच्या फार वर चढत नाही. पाणी उडून तळ कोरडा पडला की डाग पडायला सुरुवात. शिवाय कोरडा पापुद्रा वाकत नाही, मोडतो. तुझं फाटणं आणि तपकिरी होणं ही दोन वेगळी दुखणी नाहीत.

आता आचेचं. तुझा तवा आयताकृती आहे, चांगला आहे. तो मध्यम आचेवर तापव, तेलात भिजवलेल्या कागदाच्या घडीनं सगळीकडे, कोपऱ्यांतही पुसून घे. तेलाचं डबकं नको, डबक्यात अंडं तळलं जातं. चॉपस्टिकच्या टोकानं एक थेंब टाक. चुर्र होऊन लगेच धरला पाहिजे. आवाजच नाही आला तर तवा थंड आहे, त्यावर अंडं हळूहळू धरतं आणि चिकटून बसतं. थेंब टाकताक्षणी तपकिरी झाला तर तवा फार तापला आहे. शेजारी ओलं फडकं ठेव, त्यावर तवा क्षणभर टेकव. भीतीनं आच एकदम मंद करून बसू नकोस. आजी गॅसचं बटण जवळजवळ फिरवतच नसत, तवा वर उचलत आणि खाली आणत. तुझ्या खोलीत इंडक्शन असेल तर उचलल्यावर ते बंद पडतं, तेव्हा तिथं ओलं फडकंच कामी येईल.

पाव वाटीएवढं मिश्रण ओत, तवा फिरव, फुगे चॉपस्टिकनं फोड. कडा धरल्या आणि मधे अजून चमक आहे, हाच क्षण. पलीकडच्या टोकापासून आपल्याकडे गुंडाळ. पहिली गुंडाळी वेडीवाकडी झाली तरी बिलकूल हळहळू नकोस, ती आत झाकली जाते. ती पलीकडे सरकव, मोकळ्या जागेला तेलाचा कागद पुन्हा लाव, गुंडाळी सरकवलेल्या जागीही लाव. परत पाव वाटी ओतून गुंडाळी किंचित उचल म्हणजे अंडं तिच्या खाली जाईल. हे विसरलीस तर थर सुटे पडतात. चॉपस्टिक्सनं जमत नसेल तर पातळ उलथनं घे बाई, त्यात कमीपणा नाही. अशा चार-पाच वेळा. मधे कुठं फाटलंच तर थांबू नकोस, पुढचा थर ते झाकून घेतो. फाटलेलं नीट करत बसलीस की तोवर तळ कोरडा पडतो.

उतरवल्यावर गरम असतानाच बांबूच्या माकिसूत गुंडाळून पाच मिनिटं ठेव. वाकडंतिकडं असेल तर तिथं आकाराला येतं आणि आतला ओलावा सगळीकडे सारखा होतो. मग काप. वर किसलेला दाइकोन आणि सोयाचे दोन थेंब.

डब्यात नेणार असशील तर मात्र माझं ऐक. जूनमध्ये तिथला पाऊस सुरू झाला की हवा दमट आणि गरम असते. डब्यासाठी दाशी निम्मी कर, शेवटी आच मंद करून चारही बाजूंनी पूर्ण शिजव, थोडा रंग आला तरी येऊ दे. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नकोस. ओलं अंडं उन्हाळ्यात तासन्‌तास पिशवीत राहिलं तर पोट बिघडेल, आणि तिथं तुझ्याजवळ कोणी नाही हे माझ्या डोक्यातून जात नाही.

काका म्हणतात, परीक्षा संपली की तांब्याचा तवा घेऊन देतो. मी नको म्हटलं. त्याला आतून कथलाचा थर असतो, रिकामा जास्त तापला की तो वितळतो. आहे त्या तव्यावर आधी आच कळू दे. पुढच्या वेळी करशील तेव्हा वरून नको, कापलेल्या बाजूचा फोटो पाठव. थरांमधे तपकिरी रेषा दिसल्या तर कुठल्या ओतणीला तू उशीर केलास ते मी इथून सांगेन. रात्री जागरण करू नकोस, आईला रविवारी फोन कर.

तुझी,
मावशी