बढतीनंतरचा प्रश्न

लिंक्डइनवर कोणी नव्या पदाची नोंद केली की परिचितांना सूचना जाऊ शकते आणि तिच्याबरोबर अभिनंदनाचे तयार वाक्यही पुढे येते. बोट टेकवले की ते रवाना होते. पलीकडून ‘धन्यवाद’ही बहुधा तसेच येते. या व्यवहाराला मी दांभिक म्हणणार नाही, शिष्टाचाराचे तेही एक रूप आहे. मात्र ज्या व्यक्तीशी पुन्हा बोलणे सुरू व्हावे असे मनापासून वाटते, तिच्यासाठी ते अपुरे पडते.

माझ्या एक जुन्या सहकारी सरकारी बँकेत शाखाधिकारी झाल्या. बँकेतील बढती बहुधा बदलीसह येते; मुलांची शाळा, घरातील वृद्ध, नव्या गावी भाड्याची जागा हे सारे त्या एका आदेशामागून येते. त्यामुळे बातमी निखळ आनंदाचीच असेल, असे मी गृहीत धरले नाही. शिवाय पहिले दिवस चार्ज घेण्याचे असतात. रोकड मोजायची, सोनेतारणाची पाकिटे नोंदवहीशी पडताळायची, किल्ल्यांची नोंद करायची. एकदा सही झाली की आधीच्या त्रुटींचा जाबही आपल्यालाच विचारला जातो. ती धावपळ ओसरू दिली आणि मग लिहिले :

‘अभिनंदन. थकीत कर्जदाराशी आवाज न चढवता बोलण्याची तुमची हातोटी मी जवळून पाहिली आहे. खरिपाच्या पीककर्जांची गर्दी असतानाच तुम्ही रुजू झालात. नव्या शाखेत प्रथम कशाकडे लक्ष द्यावेसे वाटले? उत्तराची घाई नाही.’

‘कसे वाटते?’ असे विचारले असते, तर ‘छान’ याखेरीज उत्तर संभवत नव्हते. थकबाकीचा आकडा विचारणे अनुचित ठरले असते, कारण ती बँकेची अंतर्गत बाब. आणि याच पत्रात एखाद्या नातलगाच्या कर्जाची गोष्ट काढली असती, तर अभिनंदन ही त्या अर्जाची प्रस्तावना झाली असती. पदावरच्या माणसाला अशा प्रस्तावना चटकन ओळखू येतात. उत्तरादाखल केवळ ‘धन्यवाद’ आले असते, तर तेही पुरेसे मानून मी पुढे काही विचारले नसते.

रविवारी त्यांचे सविस्तर उत्तर आले. सातबारा किंवा अन्य कागद अपुरा आहे, हे लोकांना तासभर रांगेत उभे राहिल्यावर कळत असे. म्हणून त्यांनी दारापाशीच एक टेबल मांडून कागद आधी तपासण्याची सोय केली होती. शेवटी त्यांनी मला विचारले होते, ‘वारसनोंद न झालेल्या जमिनीवरची जुनी खाती तुमच्या वेळी कशी हाताळत होतात?’ त्याचे उत्तर एका पत्रात मावणारे नाही. पहिले दोन परिच्छेद लिहून झाले आहेत.