सनईवाला कुठं बसलाय?

गेल्या वैशाखात आमच्या विट्यात एका लग्नाला गेलो होतो. मांडवात सनई वाजत होती. शेजारी बसलेल्या आत्याबाईंनी ती डोळे मिटून ऐकली आणि मग इकडेतिकडे पाहत विचारले, "सनईवाला कुठं बसलाय रं?" मी कोपऱ्यातल्या एका पोराकडे बोट दाखवले. त्याच्यापुढे की-बोर्ड होता. आत्याबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "म्हंजी खोटीच म्हणायची की!"

हा 'खोटी' शब्द माझ्या मनातून जाईना. नक्कल म्हणजे खोटेपणाच काय?

नकली वाद्ये आपल्याला नवी नाहीत. १९५४ च्या 'नागीन' चित्रपटातल्या ज्या पुंगीवर सारा देश डोलला, ती पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर ते सूर काढले होते. तो आवाज विजेने घडवलेला. त्यात कोणाचीही फुंकर नव्हती.

पण १९६३ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला एक वाद्य निघाले, त्याची गोष्ट निराळी आहे. मेलोट्रॉन त्याचे नाव. अमेरिकेतल्या हॅरी चेंबरलिन यांच्या वाद्यावरून ते बेतलेले होते. दिसायला पेटीसारखेच, पण प्रत्येक पट्टीखाली टेपची एकेक फीत. त्या फितीवर खऱ्या वादकाने वाजवलेला एकच सूर टिपलेला, बासरीचा किंवा व्हायोलिनांचा. पट्टी दाबली की फीत एका सतत फिरणाऱ्या दांड्यावर आणि हेडवर टेकते, ओढली जाते आणि सूर उमटतो. बोट उचलले की स्प्रिंग तिला मागे खेचून पुन्हा आरंभाशी आणते. फीत संपली की सूर संपला. आणि ती पुरते जेमतेम आठ सेकंद!

कोणी विचारील, फितीची टोके जोडून तिचे कडे का केले नाही? केले असते तर सूर हवा तितका लांबला असता, पण त्याचा जन्म हरवला असता. बासरीत पहिली फुंकर शिरते, गज तारेला प्रथम भिडतो, तो क्षण प्रत्येक सुरात एकदाच येतो. तो राखायचा तर फितीला आरंभ हवा. आणि आरंभ आला की शेवटही आलाच.

म्हणून वाजवणाऱ्याला फितीच्या तंत्राने वागावे लागे. लांब स्वरमेळ धरायचा असेल, तर आठ सेकंदांच्या आत एकेक बोट उचलून पुन्हा ठेवायचे, म्हणजे सगळे सूर एकदम तुटत नाहीत. घाई करून तीच पट्टी लगेच दाबावी, तर फीत पुरती परतलेली नसते आणि सूर मधूनच उगवतो, फुंकरीवाचून. फार पट्ट्या एकदम दाबल्या तर मोटरीवर ताण पडून सगळेच सूर खाली घसरत. चांगला कान हे लगेच ओळखी.

ज्यांना गिटार-ढोलांच्या गाण्याला वाद्यवृंदाचा विस्तार द्यायचा होता, त्या 'आर्ट रॉक' मंडळींनी हेच वाद्य उचलले. १९६७ साली बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'च्या आरंभी त्याची बासरी आली. १९६९ साली किंग क्रिमझन या मंडळींची पहिली तबकडी निघाली. तिच्यात इयन मॅकडोनल्ड याने 'एपिटाफ' या गाण्यात मेलोट्रॉनवर व्हायोलिनांचा सारा डोंगर उभा केला. आणि त्याच तबकडीवर जिथे बासरी हवी होती, तिथे स्वतः ओठांना लावून खरी बासरी वाजवली. मला हे फार बोलके वाटते. त्याला फरक कळत होता. मेलोट्रॉनची व्हायोलिने किंचित थरथरतात, कुठल्याशा जुन्या दुःखातून आल्यासारखी वाटतात. कोणताही खरा वृंद तसा वाजत नाही. त्याला तेच हवे होते. नक्कल चुकली, आणि त्या चुकीतून तिला स्वतःचा आवाज मिळाला.

तेव्हा सुरात खोटेपणा नव्हता. मग तो कुठे असतो? ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेला तेव्हा धास्ती वाटली होती, की हे यंत्र व्हायोलिनवाल्यांच्या पोटावर येईल. तिथे खरा प्रश्न आहे. क्लॅव्हायोलिनच्या पुंगीमागे कोणी पुंगीवाला नव्हता; मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली मात्र एक माणूस होता. एके दिवशी तो खोलीत बसला, एकेक सूर आठ सेकंद धरून राहिला आणि निघून गेला. पुढे हजारो लोकांनी त्याचा श्वास ऐकला. त्याचे नाव मात्र कोणी विचारले नाही. नक्कल करणे हे पाप नव्हे. ज्याची नक्कल केली त्याला विसरणे, हे मात्र पापाच्या जवळ जाते.

आजच्या की-बोर्डात फीत नाही, सूर आकड्यांत साठवलेले असतात. तरी पुष्कळदा त्यांच्यामागे कोणीतरी खरोखर वाजवलेली सनई असते. म्हणून आता वाटते, आत्याबाईंचा दुसरा उद्गार चुकला असेल, पण पहिला प्रश्न अगदी बरोबर होता. सनईवाला कुठं बसलाय? मांडवात नसेल, पण कुठेतरी तो बसला होता खरा.