भिंतीसमोर तीस गोळ्या

काउंटर-स्ट्राइक 2 उघडा. स्वतःपुरता एक खासगी सामना सुरू करा आणि बॉट काढून टाका. मॅप कुठलाही चालेल, फक्त एक मोकळी, उंच भिंत हवी. हातात एके-47 घ्या, भिंतीपासून दहा-बारा पावलं मागे या आणि कन्सोलमध्ये या चार ओळी टाका.

```
sv_cheats 1
sv_infinite_ammo 2
sv_showimpacts 1
sv_showimpacts_time 10
```

दुसऱ्या ओळीतला 2 मुद्दाम आहे. तिथे 1 घातलात तर मॅगझिन संपतच नाही, आणि आपल्याला तर तीस गोळ्यांची सुरुवातही हवी आहे आणि शेवटही. खालच्या दोन ओळींमुळे गोळी लागेल तिथे खूण उमटते आणि दहा सेकंद राहते.

क्रॉसहेअर भिंतीच्या खालच्या भागात एका डागावर टेकवा. माउसवरचा हात सैल सोडा, मनगटही. आता डावं बटण दाबा आणि दाबूनच ठेवा. हात मात्र हलवू नका. बंदूक वर जाईल, बाजूला जाईल, तिला जाऊ द्या. मिनिटाला सहाशेचा वेग आहे, म्हणजे सेकंदाला दहा गोळ्या. तीन सेकंदांत सगळं आटोपेल.

खुणांकडे बघा.

पहिली गोळी डागावर आहे. दुसरी तिच्या किंचित वर. तिसरीपासून उभी चढण लागते आणि ती सातव्या-आठव्या गोळीपर्यंत जाते. चढता चढता ती जरा डावीकडे झुकते, पण ते पहिल्यांदा डोळ्यांत भरत नाही. मग चढण जवळजवळ थांबते आणि गोळ्या उजवीकडे लोटतात, साधारण चौदाव्यापर्यंत. तिथून त्या उलट फिरतात, मधली रेघ ओलांडून डावीकडे जातात आणि विसाव्याच्या आसपास तिथेच घुटमळतात. शेवटच्या चार-पाच पुन्हा उजवीकडे येतात.

रिलोड करा. त्याच डागावरून, तसाच सैल हात ठेवून, पुन्हा तीस गोळ्या सोडा. मग आणखी एकदा.

तिन्ही वेळा आकार तोच आला. पण नीट पाहिलंत तर बारावी गोळी बरोबर मागच्या बाराव्या गोळीच्या भोकात गेलेली नाही. ती त्याच्या आसपास कुठेतरी आहे. या जागी थोडं थांबावं असं मला वाटतं, कारण स्प्रेबद्दल समजून घ्यायचं ते बहुतेक सगळं इथेच आहे. प्रत्येक गोळीच्या दिशेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक रिकॉइल. ते या बंदुकीसाठी ठरलेलं आहे, दर वेळी तेच, आज आणि उद्याही. दुसरा स्प्रेड, म्हणजे त्या ठरलेल्या दिशेभोवती गोळीचं यदृच्छेने पडणं. पहिली गोष्ट हाताला शिकवता येते. दुसरी कोणालाच शिकता येत नाही, जगातल्या उत्तमातल्या उत्तम खेळाडूलाही. सराव करताना भिंतीवर जे दिसतं त्यातलं आपलं किती आणि बंदुकीचं किती, हे ओळखता येणं ही अर्धी विद्या आहे.

ज्यांनी मुंबई-पुण्याच्या सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक 1.6 खेळलं, त्यांच्या हातात एक जुनी सवय असते. त्या खेळात बंदूक वर चढायची हे नक्की, पण डावी-उजवीकडची दिशा ती मध्येच यदृच्छेने बदलायची. त्यामुळे आडवी हालचाल पाठ करण्यात अर्थ नव्हता. खाली ओढायचं आणि बाकीचं जमेल तसं सांभाळायचं, हेच तेव्हा बरोबर होतं. इथे ते पुरत नाही, कारण आडवा भागही आता ठरलेला आहे.

आता हात हलवू या, पण पूर्ण तीस गोळ्यांसाठी नाही. फक्त दहा.

दहाच का, तर आर्मर घातलेल्या शत्रूच्या छातीवर एकेच्या चार गोळ्या लागल्या की तो पडतो आणि डोक्यात एकच पुरते. बहुतेक लढती पहिल्या सेकंदात मिटतात. त्या सेकंदात बंदूक मुख्यतः वर चढते, म्हणून हाताने मुख्यतः खाली यायचं. हे ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की ही ओढ एकसारखी नाही. पहिल्या गोळीला हात स्थिर राहतो. लगेच अगदी थोडा खाली येतो. तिसऱ्या गोळीपासून सहाव्यापर्यंत ओढ सगळ्यात जोराची असते, सातव्या-आठव्याला सैल पडते आणि नवव्यापाशी खाली येणं थांबतं. बटण न दाबता, नुसत्या हाताने हे एकदा करून बघा. हळूच सुरुवात, मग दमदार ओढ, मग सैलावणं, मग थांबणं. हे थांबणं तळहाताला जाणवलं पाहिजे. पुन्हा करा. आता बटण दाबून.

खुणा वाचा. दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या गोळ्या डागाच्या वर राहिल्या आणि बाकीच्या डागावर आल्या, तर हात उशिरा निघाला. खुणा सुरुवातीलाच डागाच्या खाली गेल्या, तर पहिल्याच गोळीला हिसका बसला. आठव्यापर्यंत सगळं छान आणि नंतर खुणांची ओळ उतरत जमिनीकडे गेली, तर चढण संपल्यावरही हात ओढत राहिला. ही तिसरी चूक फार आढळते. सामन्यात ती शत्रूच्या पायांशी उडणाऱ्या धुळीसारखी दिसते आणि खेळणाऱ्याला वाटतं की बंदूकच बिघडली.

हात चुकला की स्प्रेड आडवा आला, हे एका मॅगझिनवरून कळत नाही. चार-पाच मॅगझिन झाडा आणि खुणांचे पुंजके शेजारी शेजारी ठेवून बघा. पुंजका दर वेळी एकाच बाजूला सरकलेला असेल तर ते हाताचं काम आहे आणि ते सुधारता येतं. कधी इकडे, कधी तिकडे, पण मध्य डागावरच असेल, तर हात बरोबर आहे. तिथे आणखी दुरुस्ती करायला गेलात तर चांगला हात बिघडवून बसाल.

हे करताना डोळे कुठे आहेत तेही एकदा तपासा. गोळीबार सुरू झाला की पडद्यावरचं दृश्य उसळतं, पण गोळी जितकी वर जाते त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे नेहमीच्या सेटिंगमध्ये क्रॉसहेअर जिथे दिसतो, त्याच्या बऱ्याच वर गोळी लागत असते. क्रॉसहेअर शत्रूच्या छातीवर धरून ठेवला तर गोळ्या डोक्यावरून जातील. तो छातीच्या बराच खाली गेलेला दिसायला हवा. क्रॉसहेअरने रिकॉइलमागे जावं अशी सोय सेटिंगमध्ये आहे. शिकताना ती थोडा वेळ चालू करून बघायला हरकत नाही, गोळी खरंच कुठे आहे याची खात्री पटते. पण माझ्या मते नजर शेवटी लक्ष्यावरच असावी. क्रॉसहेअरचा पाठलाग करणारा डोळा नेहमी एक गोळी मागे असतो, आणि इथे एक गोळी म्हणजे सेकंदाचा दहावा भाग.

आता भिंतीपासून दुप्पट मागे जा आणि पुन्हा एकदा हात न हलवता मॅगझिन संपवा. आकार दुप्पट मोठा दिसेल. मनात लगेच येतं की लांबच्या शत्रूसाठी जास्त ओढावं लागणार. तसं नाही. रिकॉइल बंदुकीच्या कोनात मोजलं जातं, भिंतीवरच्या लांबीत नाही. हाताने फिरवायचा कोन जवळही तोच आणि लांबही तोच. माउसची सेन्सिटिव्हिटी बदलली नाही, तर टेबलावरचं अंतरही तेच. लांब गेल्यावर बदलते ती चुकीची सवलत. जवळ छातीवर पडणारी गोळी लांबून खांद्याबाहेर जाते, आणि स्प्रेडही भिंतीवर तेवढ्याच प्रमाणात फाकतो. म्हणून एका ठरावीक अंतरापलीकडे निर्दोष हातही स्प्रे वाचवू शकत नाही. तिथे दोन-तीन गोळ्यांचे बर्स्ट किंवा एकेक टॅप. ते अंतर कुठे आहे ते भिंतीनेच सांगावं. मागे मागे जा, पहिल्या दहा गोळ्यांचा पुंजका माणसाच्या धडापेक्षा रुंद झाला की थांबा. ते अंतर डोळ्यांत साठवा.

ज्याची सेन्सिटिव्हिटी आठवड्याला बदलते त्याच्या हाताला हे काही लागू पडत नाही. कोन तोच राहतो, पण त्यासाठी लागणारं अंतर दर वेळी वेगळं. आधी सेन्सिटिव्हिटी ठरवा, मग भिंतीकडे या.

दहा गोळ्या अंगवळणी पडल्या की पुढचा आडवा भाग जोडा. आठव्या-नवव्यापासून खाली ओढणं थांबतं आणि हात डावीकडे सरकतो, कारण बंदूक उजवीकडे निघालेली असते. पंधराव्यापासून उजवीकडे. शेवटी पुन्हा डावीकडे. पंधराव्याचं वळण सगळ्यात अवघड आहे. मला स्वतःला विसाव्यानंतरच्या गोळ्या घोकण्यात फार हशील दिसत नाही. तिथवर पोचलेली लढत बहुतेक वेळा आधीच हातची गेलेली असते.

आता भिंत सोडून मिराजवर चला. हे अजून खेळायचं नाही, मनातच बघायचं आहे. रॅम्पवरून तुम्ही ए साइटवर आलात. धावता धावता बटण दाबू नका, उलटी कळ दाबून आधी थांबा. चालत्या पायांचा स्प्रेड कुठल्याही हाताच्या आवाक्यातला नाही. समोर खोक्यांपाशी एक बचावकर्ता आहे. तुम्ही स्प्रे सुरू करता, हात खाली येतो आणि सातव्या गोळीला तो पडतो. त्याच क्षणी उजवीकडे, जिन्यावर, दुसरा दिसतो. बटण अजून दाबलेलंच आहे.

एकच गोष्ट विचारा: आठव्या गोळीला माझी बंदूक स्वतःहून कुठे निघाली आहे? उजवीकडे. एरवी मी हात डावीकडे नेऊन तिला अडवलं असतं. पण शत्रूही उजवीकडेच आहे. त्याच्याकडे वळायला हात उजवीकडे हवा आणि रिकॉइल अडवायला डावीकडे, तर या दोन हालचाली एकमेकींना बऱ्याच खाऊन टाकतात. तो फार लांब बाजूला नसेल तर हाताला फारसं काही करावं लागत नाही. अडवणं थांबवायचं, बंदुकीला जाऊ द्यायचं, आणि ती त्याच्यावर पोचली की चौदाव्यापर्यंत तिथे धरायची.

तोच शत्रू जिन्यावर नसता आणि डावीकडे, पॅलेसखाली असता तर? आता दोन्ही हालचाली डावीकडे आहेत. वळायचा कोन अधिक अडवायचा कोन, तोही गोळ्या सुटत असताना. हात नेहमीच्या अंदाजाने वळला तर प्रत्येक गोळी त्याच्या उजव्या बाजूने निघून जाईल आणि दर गोळीला अंतर वाढत जाईल. इथे मी बटण सोडायला सांगेन. सोडायचं, क्षणभर बंदूक खाली बसू द्यायची, तेवढ्यात क्रॉसहेअर त्याच्या डोक्याच्या उंचीवर न्यायचा आणि नव्याने पहिल्या गोळीपासून सुरुवात करायची. पंधराव्या गोळीनंतर मात्र हिशेब उलटतो. तेव्हा बंदूक डावीकडे निघालेली असते, डावीकडचा शत्रू सोपा होतो आणि उजवीकडच्यासाठी बटण सोडावं लागतं.

भिंतीवर दोन डाग निवडा, मध्ये हातभर अंतर असू द्या. डावीकडच्या डागावर सात गोळ्या, मग उजवीकडे. रिलोड. उजवीकडच्यावर सात, मग डावीकडे. दोन्हींचे पुंजके बघा.